प्लेटलेट्स २२ हजारांवर आल्या तेव्हा डॉक्टर काय बघत होते?

वाचकाचं पत्र

“माझ्या नवऱ्याला (वय ३८) गेल्या महिन्यात डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला, पण प्लेटलेट्स ४१ हजार आल्या म्हणून ॲडमिट केलं. सहाव्या दिवशी २२ हजार! दिरांनी रात्रीत पाच-सहा रक्तदाते उभे केले, पण डॉक्टर प्लेटलेट्स चढवायला तयारच नव्हते. शेवटी सासूबाईंनी त्या रात्री गुपचूप पपईच्या पानांचा रस दिला. सातव्या दिवशी २६ हजार, आठव्या दिवशी ५८ हजार आणि नवव्या दिवशी १ लाख १० हजार झाल्या. सातव्या दिवशी तर डॉक्टरांनी सलाइनही काढून टाकलं होतं. आता सगळं घर म्हणतं, रसानं वाचवलं आणि डॉक्टरांनी हलगर्जी केली. मला काय खरं मानावं कळत नाही. त्यातच जावेच्या नऊ वर्षांच्या मुलीला कालपासून ताप आहे आणि सासूबाईंनी पपईची पानं आणून ठेवली आहेत. सगळे रिपोर्ट सोबत जोडले आहेत.”

— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

ताई,

तुम्ही रिपोर्ट आणि दवाखान्यातल्या नोंदींचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. त्यामुळे अंदाजानं बोलावं लागत नाही. मी ते तारखेप्रमाणे लावून वाचले. त्या नऊ दिवसांत तुमच्या घरातल्या प्रत्येकानं एकच ओळ वाचलेली दिसते, प्लेटलेट्सची. तिच्या जरा वर हिमॅटोक्रिट नावाची ओळ आहे, रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के ते सांगणारी. काही लॅब तिला पीसीव्ही म्हणतात. नर्सच्या चार्टवर दर काही तासांनी रक्तदाब आणि लघवीचं माप लिहिलेलं आहे. डॉक्टर त्या नोंदी बघत होते. का बघत होते, ते आधी सांगते. म्हणजे हलगर्जी झाली का, याचा निर्णय तुम्हालाच करता येईल.

आधी प्लेटलेट्स का पडतात ते पाहू. त्या हाडांच्या मज्जेत तयार होतात आणि रक्तात आठ-दहा दिवस जगतात. निरोगी माणसात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूचा विषाणू पहिल्या तीन-चार दिवसांत मज्जेचं काम मंदावतो, त्यामुळे नवीन प्लेटलेट्स कमी येतात. पण घसरण इतकी वेगानं होते ती मुख्यतः दुसऱ्या कारणानं. असलेल्या प्लेटलेट्स रक्तातच खर्ची पडतात. काही रक्तवाहिन्यांच्या सुजलेल्या अस्तराला चिकटतात. विषाणूच्या एनएस-१ नावाच्या प्रथिनाविरुद्ध शरीर अँटीबॉडी बनवतं, त्यांतल्या काही चुकून प्लेटलेट्सनाही जाऊन चिकटतात. अशा खूण झालेल्या प्लेटलेट्स शरीराच्याच भक्षक पेशी प्लीहेत आणि यकृतात गिळून टाकतात. म्हणजे ही मोड बऱ्याच अंशी आपल्याच प्रतिकारशक्तीच्या धुमाळीतून होते.

यातून एक गोष्ट निघते, जी ऐकायला उलटी वाटते. ताप उतरतो तोवर रक्तातला विषाणू बहुतेक संपत आलेला असतो आणि मज्जाही पुन्हा कामाला लागलेली असते. पण प्रतिकारशक्तीची धुमाळी लगेच थांबत नाही. म्हणून प्लेटलेट्स ताप गेल्यावरही एक-दोन दिवस पडत राहतात, तळ गाठतात आणि मग आपोआप चढतात. तुमच्या यजमानांचा ताप पाचव्या दिवशी गेला, तळ सहाव्या दिवशी आला आणि आठव्या दिवशी आकडा दुपटीहून जास्त झाला. डेंग्यूवर लिहिलेल्या कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात हाच आलेख असतो.

आता हिमॅटोक्रिट. डेंग्यूमध्ये माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट्स कमी झाल्या म्हणून नव्हे. ताप उतरण्याच्या सुमाराला साधारण २४ ते ४८ तास बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपून पोटात आणि छातीत साठतो. रक्तवाहिनी कापली गेली तर प्लेटलेट्स तिथे गुठळी करून भोक बुजवतात. पण इथे भोक पडलेलंच नसतं, नव्या माठासारखी सगळी भिंत पाझरत असते. त्या पाझरण्यावर प्लेटलेट्सच्या कितीही पिशव्या चढवल्या तरी उपयोग नाही. उपयोग होतो तो योग्य वेळी, योग्य मापानं दिलेल्या सलाइनचा.

पाझर किती आहे हे कळतं हिमॅटोक्रिटवरून. पातळ भाग निघून गेला की रक्त दाट होतं आणि हा आकडा वाढतो. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के किंवा त्याहून जास्त वाढ झाली तर पाझर मोठा आहे असं समजतात. तुमच्या यजमानांचा दुसऱ्या दिवशीचा आकडा ४२ होता. चौथ्या दिवशी ४४, पाचव्या दिवशी ४७, सहाव्या दिवशी ४८. म्हणजे पाझर सुरू होता, वाढ साधारण १४ टक्क्यांची. ती ५० च्या पुढे गेली असती तर मामला गंभीर झाला असता. प्लेटलेट्स झपाट्यानं पडताहेत आणि त्याच वेळी हिमॅटोक्रिट चढतोय, ही जोडी धोक्याची खूण मानली जाते. पाचव्या दिवशी ॲडमिट करून घ्यायचं खरं कारण माझ्या मते हे होतं, नुसता ४१ हजारांचा आकडा नव्हे.

त्याच दिवशीचा रक्तदाब ११२/७८ लिहिलाय. यात वरचा आकडा चांगला आहे म्हणून खूश व्हायचं नसतं, दोन आकड्यांतलं अंतर बघायचं असतं. इथे ते ३४ आहे. पाझर वाढला की वरचा आकडा बराच वेळ टिकून राहतो आणि खालचा चढत जातो. १००/८० झाला, अंतर २० वर आलं, की रुग्ण शॉकमध्ये जातोय, म्हणजे शरीराला पुरेसं रक्त पोचेनासं झालंय. अवघड गोष्ट ही की तेव्हाही तो शुद्धीवर असतो, बोलत असतो, कधी कधी भूक लागली असंही म्हणतो, पण हात-पाय गार पडलेले असतात. म्हणून ती नर्स रात्री-अपरात्री येऊन तळव्यांना हात लावून बघत होती आणि लघवी किती झाली ते विचारत होती. सहाव्या दिवशीची तिची नोंद आहे, हात-पाय कोमट, लघवी पुरेशी. २२ हजारांपेक्षा ही ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते.

सातव्या दिवशी सलाइन काढलं, त्याचा तुम्हाला राग आलाय. त्या सकाळचा हिमॅटोक्रिट बघा, ४८ वरून ४४. पाझर थांबला होता आणि बाहेर गेलेलं पाणी आपणहून रक्तात परतायला लागलं होतं. अशा वेळी सलाइन चालू ठेवलं तर ते जादा पाणी फुप्फुसात उतरतं आणि बरा होत आलेला माणूस धापा टाकू लागतो. डेंग्यूमध्ये सलाइन सुरू करण्याइतकंच ते वेळेवर बंद करण्यालाही कौशल्य लागतं. तुमच्या डॉक्टरांकडे ते होतं. त्यांनी बाहेर येऊन तुम्हाला हे दोन मिनिटांत सांगायला हवं होतं, आणि त्यांनी ते केलं नाही ही तुमची तक्रार मात्र मला रास्त वाटते.

प्लेटलेट्स चढवल्या असत्या तर काय झालं असतं? एका दात्याकडून मशीननं काढलेली पिशवी, जिला ब्लड बँकेत एसडीपी म्हणतात, एरवी आकडा ३० ते ५० हजारांनी वाढवते. साध्या रक्तदानातून वेगळी केलेली पिशवी, आरडीपी, ५ ते १० हजारांनी. पण डेंग्यूमध्ये ज्या धुमाळीत स्वतःच्या प्लेटलेट्स संपताहेत, त्याच धुमाळीत या परक्या प्लेटलेट्सही जातात. आकडा काही तास वर दिसतो आणि पुन्हा खाली येतो. सिंगापूर आणि मलेशियातल्या डॉक्टरांनी हे नीट तपासलं. प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याखाली गेलेले, पण मोठा रक्तस्राव नसलेले पौने चारशेच्या आसपास प्रौढ रुग्ण त्यांनी घेतले. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून प्लेटलेट्स दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. २०१७ साली निष्कर्ष छापून आला. प्लेटलेट्स दिल्यानं रक्तस्राव टळला नाही. उलट दिलेल्या गटात अंगावर गांधी उठणं, तीव्र ॲलर्जी, फुप्फुसांना इजा असे त्रास जास्त झाले. म्हणजे तुमचे डॉक्टर हट्टानं अडून बसले नव्हते, त्यांच्यामागे पुरावा होता.

प्लेटलेट्स कधीच द्यायच्या नाहीत असा मात्र याचा अर्थ नाही. काळी शौच, रक्ताची उलटी, न थांबणारा घोळणा, पाळीत अतोनात स्राव असं काही असेल तर आकडा कितीही असला तरी विचार करावा लागतो. भारतातल्या मार्गदर्शक सूचनांत रक्तस्राव नसतानाही १० हजारांच्या खाली गेल्यावर देण्याचा पर्याय ठेवलेला आहे. ऑपरेशन किंवा बाळंतपण तोंडावर असेल, किंवा रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर गणित वेगळं होतं. तुमच्या यजमानांना हिरड्यांतूनसुद्धा रक्त आलं नव्हतं. दिरांनी जी धावपळ केली ती प्रेमापोटीच. पण ‘दाते तयार आहेत, मग का देत नाही?’ असा दबाव आला की काही ठिकाणी डॉक्टर नाइलाजानं पिशवी लावतात, आणि हजारो रुपये खर्चून घरच्यांच्या जिवाला शांतता मिळते, रुग्णाला मात्र नुसतीच जोखीम.

आता रसाविषयी. सासूबाईंचा मला अनादर करायचा नाही. रात्री अकराला मुलाचा आकडा २२ हजार ऐकल्यावर हातावर हात ठेवून कुठली आई बसेल? पण वेळ जुळवून बघा. रस दिला सहाव्या दिवशी रात्री. त्याच दिवशी सकाळच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी २,३०० वरून ३,४०० वर गेल्या होत्या. आपल्याकडे पुष्कळ जण प्लेटलेट्सनाच पांढऱ्या पेशी म्हणतात, पण रिपोर्टमध्ये या दोन वेगळ्या ओळी असतात. डेंग्यूमध्ये पांढऱ्या पेशी आधी चढतात, प्लेटलेट्स त्यांच्या मागून. म्हणजे सुधारणेची सुरुवात रस पोटात जाण्याच्या बारा तास आधीच कागदावर उमटली होती. शिवाय २२ वरून २६ हजार ही वाढ म्हणण्यासारखीही नाही. इतक्या खालच्या पातळीवर मशीनची मोजणी चार-पाच हजारांनी सहज इकडे-तिकडे होते. आठव्या दिवशी जी खरी उडी आली ती मज्जेनं कित्येक दिवस आधी घडवायला घेतलेल्या प्लेटलेट्सची होती.

रसाची कीर्ती पसरते ती अशीच. तो बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी, आकडा तळाला असताना दिला जातो, आणि तळानंतर आकडा वरच जाणार असतो. शेळीचं दूध, किवी, गुळवेल यांनाही श्रेय मिळतं ते याच वेळापत्रकामुळे. शेळीचं दूध लोक कच्चं देतात, त्यातून ब्रुसेलोसिससारखा दुसरा ताप लागू शकतो, तेवढं नक्की टाळा.

पपईच्या पानांवर अभ्यास झालेच नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. २०१३ साली मलेशियातल्या एका अभ्यासात २२८ रुग्ण होते. निम्म्यांना ५० ग्रॅम ताज्या पानांचा रस रोज एकदा, तीन दिवस दिला, आणि त्यांच्या प्लेटलेट्स दोन दिवसांत जरा जास्त वाढल्या. भारतातही पानांच्या अर्काच्या गोळ्यांवर छोटे अभ्यास झाले, त्या गोळ्या दुकानात मिळतात आणि काही डॉक्टर लिहूनही देतात. पण मलेशियाच्या त्या अभ्यासात रस कोणाला दिला हे रुग्णांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही माहीत होतं. आणि मोजला गेला तो आकडाच. पाझर कमी झाला, शॉक टळला, जीव वाचले, असं कुठल्याही अभ्यासानं दाखवलेलं नाही. ज्या आकड्यावर रुग्णाचं बरं-वाईट ठरत नाही, तो दोन दिवस लवकर वाढला तरी मिळालं काय?

रसानं अपाय काय, असं सासूबाई विचारतील. रस कडूजहर असतो आणि त्यानं अनेकांना मळमळ, उलट्या होतात. डेंग्यूमध्ये थांबत नसलेल्या उलट्या आणि पोटदुखी याच सगळ्यात महत्त्वाच्या धोक्याच्या खुणा आहेत. रस दिलेल्या रुग्णाला उलटी झाली तर ती रसाची की आजाराची, हे मला दवाखान्यात ओळखता येत नाही. शिवाय उलटीवाटे नेमकं तेच पाणी बाहेर जातं जे आपण कष्टानं पोटात घालत असतो. गरोदर बाईला, मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्याला तर रस देऊच नये. याहून मोठी भीती मला वेळेची वाटते. घरी रस चालू आहे, आकडा वाढेल, एक दिवस वाट बघू, असं म्हणत लोक नेमके पाझराचे ४८ तास घरी काढतात.

म्हणून जावेच्या मुलीसाठी आत्ता काय करायचं ते सांगते. आज तापाचा दुसरा दिवस आहे. आजच एनएस-१ आणि सीबीसी करून घ्या. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ उपयोगी पडते. सीबीसी आज करायची ती तिचा मूळ हिमॅटोक्रिट कळावा म्हणून, उद्या-परवाच्या आकड्याची तुलना त्याच्याशीच होणार आहे. डेंग्यू निघाला तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे रोज एकदा, शक्यतो एकाच लॅबमध्ये सीबीसी करा. ताप उतरल्यावर मात्र ती बंद करू नका. आकडा अचानक फारच कमी आला आणि मुलगी टवटवीत असेल तर स्लाइडवर हातानं मोजून द्यायला सांगा. नळीत प्लेटलेट्सचे पुंजके झाले तर मशीन त्या कमी मोजतं.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन घरात असेल तर बाजूला ठेवा. यांनी प्लेटलेट्सचं काम बिघडतं आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. लहान मुलांच्या तापाच्या काही सिरपमध्ये यांतलं एखादं मिसळलेलं असतं, बाटलीवरची नावं वाचा. कमरेतली इंजेक्शनंही नकोत.

पाणी, ओआरएस, पेज, ताक, वरणाचं पाणी, नारळपाणी थोडं थोडं, दिवसभर चालू ठेवा. बीट किंवा लाल सरबत देऊ नका, उलटी झाली तर रक्त आहे का ते कळणार नाही. हे काम सासूबाईंकडे सोपवा असं मी मनापासून सुचवेन. एक वही द्या. किती वाजता काय प्यायली आणि लघवी कधी झाली, एवढंच त्यांनी लिहायचं. त्यांना नातीसाठी काही करायचं आहे, आणि या आजारात घरी करण्यासारखं सर्वांत मोठं काम हेच आहे. ती वही डॉक्टरांनाही उपयोगी पडेल. दिवसासुद्धा मुलीला मच्छरदाणीत ठेवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तापात तिला चावलेला डास घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी आजार देऊ शकतो.

ताप उतरला ती वेळ वहीत ठळक लिहा. त्यानंतरचे ४८ तास तिला शाळेत पाठवू नका, घरात कोणीतरी पूर्ण वेळ तिच्याजवळ राहा. पोट दुखत राहिलं, उलट्या थांबेनात, हात-पाय गार लागले, ती मलूल झाली किंवा विनाकारण चिडचिडी, नाका-हिरड्यांतून रक्त आलं, सहा तास लघवी झाली नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी प्लेटलेट्स लाखाच्या वर असल्या तरी लगेच निघायचं. रिपोर्टची वाट बघायची नाही, रात्र असली तरी सकाळची नाही. आणि हे काहीच नसेल, ती खातपीत असेल आणि हिमॅटोक्रिट स्थिर असेल, तर प्लेटलेट्स कमी दिसल्या म्हणून घाबरून रक्तदाते शोधत फिरू नका. डॉक्टरांना आकडा सांगा आणि हिमॅटोक्रिट किती आहे ते आठवणीनं विचारा.

तुमच्या यजमानांची फाइल टाकून देऊ नका. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि एकदा होऊन गेल्यावर त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून नाही. दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू पुन्हा झाला तर तो जास्त तीव्र होण्याची शक्यता असते. पुढे कधी ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा की आधी एकदा डेंग्यू होऊन गेलाय, आणि फाइल सोबत घेऊन जा. निरोगी असताना त्यांचा हिमॅटोक्रिट किती असतो, ते एकदा तपासून त्याच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.